दोन घड्याळं, एक फोन: सात महिने वापरल्यावर

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं फोन दोन मिनिटं पण हातात धरला नाही आणि म्हणाला, "सर, बॅटरी गेलीय, २८०० होतील, आणि दोन्ही घड्याळं रिसेट मारून घ्या." फोन दीड वर्षाचा. दोन दिवस आधी शनिवारी आईकडे डिचोलीला जाताना कदंबच्या बसमध्ये फोन बंद पडला होता, ती तिकडे स्टँडवर काळजी करत उभी, आणि हा मुलगा मला न बघता बॅटरी विकतोय! मी फोन परत घेतला आणि घरी आलो. पुढच्या तीन आठवड्यांत जे सापडलं ते लिहितोय, कारण ऑफिसातल्या दोघांनी आता दुसरं घड्याळ घेतलंय आणि त्यांचं पण तेच रडगाणं सुरू झालंय.

माझ्याकडे उजव्या हातात स्पोर्ट्स वॉच आहे, सकाळच्या मिरामार ते दोनापावला रनसाठी आणि झोपेसाठी, ते मी सोडणार नाही. डाव्या हातात बायकोनं दिवाळीला दिलेलं स्मार्टवॉच, बसमध्ये उभ्या उभ्या कॉल घ्यायला आणि मेसेजला उत्तर द्यायला. अँड्रॉइड फोनला दोन्ही एकावेळी जोडता येतात, त्यात काही अडचण नाही. अडचण ही की प्रत्येक मेसेजला दोन्ही मनगटं थरथरतात. मंगेशीला आरतीच्या वेळी दोन्ही हात एकदम वाजले तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं.

पहिला महिना मी स्पोर्ट्स वॉचवर डू नॉट डिस्टर्ब लावून काढला. हात शांत झाला, म्हटलं सुटलो. पण त्या घड्याळाची बॅटरी पूर्वी आठ-नऊ दिवस जायची ती पाचच दिवस जात होती, आणि मेसेजची यादी उघडली तर सगळे मेसेज आत बसलेले. म्हणजे फोन पाठवतच होता, घड्याळ घेतच होतं, फक्त आवाज करत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, हीच कोणी सांगत नाही. अँड्रॉइडवर मेसेज घड्याळाला नुसत्या ब्लूटूथनं जात नाही, घड्याळाचं जे ॲप फोनमध्ये असतं ते आधी तो वाचतं आणि मग पुढे पाठवतं. वाचायची परवानगी आपण ॲप टाकताना घाईत दिलेली असते. दोन घड्याळं म्हणजे दोन ॲप, दोघांना परवानगी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही. त्यामुळे घड्याळावर कितीही खटपट करा, नळ फोनमध्येच बंद करायला पाहिजे. माझ्या फोनमध्ये तो इथं आहे (दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये नाव थोडं वेगळं असेल, सेटिंगच्या सर्चमध्ये notification access टाका):

```
Settings → Notifications → Device & app notifications
```

इथं दोन्ही ॲप दिसतात. स्पोर्ट्स वॉचच्या ॲपची परवानगी काढली, स्मार्टवॉचची ठेवली. बायकोला सांगून तीन मेसेज पाठवून घेतले, तिन्ही फक्त डाव्या हातावर आले. दोन्ही घड्याळांचं पेअरिंग जागच्या जागी, रिसेट वगैरे काही नाही. अँड्रॉइड १२ पासून याच पानावर एखाद्या ॲपला कुठल्या प्रकारचे मेसेज द्यायचे ते पण निवडता येतं, म्हणजे सायलेंटवाले बंद आणि चॅट चालू असं करता येतं. मी ते स्मार्टवॉचला केलं, डाऊनलोड झालं, वायफाय मिळालं असल्या फालतू सूचना मनगटावर येणं थांबलं.

पण कॉल तरी दोन्हीकडे वाजत राहिले. याच्यावर एक अख्खा रविवार गेला. कॉलसाठी स्पोर्ट्स वॉचच्या ॲपनं Phone ची परवानगी वेगळी घेतलेली, ती ॲपच्या Permissions मध्ये जाऊन काढली तेव्हा शांतता झाली.

चार दिवस झाल्यावर मी बायकोला सांगितलं, बॅटरीचा प्रश्न मिटला. ते चुकलंच. स्पोर्ट्स वॉच परत आठ दिवसांवर आलं खरं, पण फोनला फारसा फरक नव्हता, सहा वाजता १८ टक्के असायची ती २३ झाली एवढंच. मग एकावेळी एकच गोष्ट बदलायची, दोन दिवस बघायचं आणि संध्याकाळी सहाला टक्के वहीत लिहायचे असं सुरू केलं, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: स्पोर्ट्स वॉच दिवसातून कितीतरी वेळा "फोन तुटला", "फोन जोडला" असं दाखवत होतं. कारण मी स्वतः बॅटरी वाचावी म्हणून त्याचं ॲप Restricted करून ठेवलेलं! फोन ते ॲप बंद पाडायचा, थोड्या वेळानं ते परत उठायचं, घड्याळ शोधायचं, जोडायचं, हवामान आणि बाकीचं सगळं नव्यानं आणायचं. नुसतं जोडलेलं राहायला ब्लूटूथला फार कमी बॅटरी लागते, ही तोडजोडच खाते. App battery usage मध्ये ॲप Unrestricted केलं आणि तिसऱ्या संध्याकाळी वहीत ३९ लिहिलं. २८०० रुपये वाचले!

मध्ये एक टोकाचा प्रयोग पण केला. म्हटलं स्पोर्ट्स वॉचचं फोनशी नातंच तोडू, कनेक्शन बंद, आठवड्यातून एकदा सिंक. रन घड्याळातच साठतो त्यामुळे काही हरवलं नाही. पण दहा-बारा दिवसांनी मिरामारला उभा राहिलो तर जीपीएस मिळेचना, चार मिनिटं वाट बघितली. एरवी दहा-पंधरा सेकंदांत येतो. उपग्रह कुठे असतील याची एक छोटी फाइल घड्याळ फोनकडून घेतं आणि ती थोडेच दिवस चालते. नसली तर घड्याळाला आकाशाकडे बघून सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. त्या आठवड्यात सिंकचा रविवार माझ्याकडून चुकलेला. घड्याळात About मध्ये त्या फाइलपुढे Expired दिसत होतं. सिंक केलं, Current झालं, दुसऱ्या दिवशी गेटबाहेर पडेपर्यंत जीपीएस हजर. तेव्हापासून कनेक्शन चालूच ठेवतो. आणि पावसात पहाटे पाचला एकटा धावतो तेव्हा पडल्यावर घरी कळवायची सोय पण फोनवरूनच चालते, ती मला हवीच आहे. मेसेजची परवानगी काढली तरी त्याला धक्का लागत नाही, मुद्दाम बायकोला मेसेज जातो का ते तपासून बघितलं.

आयफोनवाल्यांसाठी: मेव्हण्याच्या फोनवर केलंय, तिथं रस्ता वेगळा. Settings → Bluetooth मध्ये स्पोर्ट्स वॉचपुढच्या ⓘ वर दाबा, Share System Notifications बंद करा. पण ते सरसकट आहे, बंद म्हणजे सगळंच बंद.

एक लक्षात ठेवा. मागच्या महिन्यात स्पोर्ट्स वॉचचं ॲप काढून परत टाकावं लागलं, त्यानं सेटअपमध्ये पुन्हा तीच परवानगी मागितली आणि मी घाईत हो केलं. दुपारी जेवताना दोन्ही हात परत वाजले. आता कधी डबल वाजलं की घड्याळाला हात लावत नाही, आधी तेच पान उघडतो.