फोनचे कुलूप: आधी पिन की पॅटर्न, मग बोट की चेहरा

नवा फोन सुरू करताना बोटाचा ठसा, चेहरा, पिन आणि पॅटर्न असे चार पर्याय समोर येतात आणि त्यांतला एक निवडला की काम झाले, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात फोन हे पर्याय दोन थरांत वापरतो. पिन किंवा पॅटर्न हे मूळ कुलूप असते. बोट आणि चेहरा ही त्यावर बसवलेली सोय असते. म्हणूनच पिन किंवा पॅटर्न ठेवल्याशिवाय अँड्रॉइड फोन ठसा नोंदवू देत नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्या वेळी बोट चालत नाही, मूळ कुलूपच उघडावे लागते, कारण फोनमधील सांकेतिक रूपात साठवलेली माहिती त्याच्याशी बांधलेली असते. ठसा रोज वापरला तरी साधारण ७२ तासांनी फोन एकदा पिन मागतो, आणि ठसा वारंवार चुकला तरी तो पिनकडेच वळतो. याचा अर्थ असा की ज्याला फोन उघडायचा आहे त्याच्यासमोर पिन किंवा पॅटर्नचा मार्ग नेहमी खुला असतो. तो मार्ग कच्चा असेल, तर वरचा ठसा कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. म्हणून निवडीचा क्रमही तसाच असावा: आधी पिन की पॅटर्न हे ठरवावे, मग बोट की चेहरा.

पॅटर्न लोकांना आवडतो, कारण बोटाला वळण लागते आणि आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. नऊ ठिपक्यांतून किमान चार ठिपके जोडावे लागतात, आणि सगळ्या लांबीचे मिळून ३,८९,११२ पॅटर्न शक्य आहेत. ही संख्या चार आकडी पिनच्या १०,००० शक्यतांपेक्षा मोठी दिसते. पण केवळ चार ठिपक्यांचे पॅटर्न १,६२४ इतकेच आहेत, आणि बरेच लोक चार-पाच ठिपक्यांवर थांबतात, शिवाय कोपऱ्यातून सुरुवात करून एखाद्या अक्षरासारखा आकार काढतात. तरीही पॅटर्नचा खरा दोष संख्येत नाही, तो नजरेत आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी लोकांना फोन उघडण्याची चित्रफीत एकदाच दाखवली, तेव्हा सहा ठिपक्यांचा पॅटर्न सुमारे ६४ टक्के वेळा बरोबर ओळखला गेला, तर सहा आकडी पिन सुमारे ११ टक्के वेळा. पॅटर्न काढताना दिसणारी रेघ बंद ठेवली तेव्हा ते प्रमाण ६४ वरून ३५ टक्क्यांवर आले. ही रेघ बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधून बंद करता येते; ज्यांना पॅटर्न सोडवत नाही त्यांनी निदान एवढे करावेच.

दुसरी अडचण काचेवरच्या डागांची आहे. तेलकट बोटाने रोज तीच रेघ ओढली की तिचा माग काचेवर राहतो, आणि फोन उजेडात तिरका धरला की तो दिसतो. पिनमध्येही डाग पडतात, पण त्यातून फार तर आकडे कळतात. त्यांचा क्रम कळत नाही.

चार आकडी पिन पॅटर्नपेक्षा आपोआप सुरक्षित ठरत नाही. जन्मतारखेचा दिवस आणि महिना घेतला तर १०,००० पैकी ३६६ शक्यता उरतात, आणि जन्मवर्ष घेतले तर शंभरच्या आत. नागपुरात गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे पिन म्हणून ठेवणारे पुष्कळ भेटतात. गाडी एमएच ३१ ची असो की एमएच ४९ ची, ती दारातच उभी असते आणि पाटी कोणालाही वाचता येते. सहा आकडी पिन ठेवायला सांगितल्यावर अनेक जण आपल्या वस्तीचा ४४०० ने सुरू होणारा टपाल क्रमांक टाकतात. त्यात तर अंदाज बांधायला शेवटचे दोनच आकडे उरतात. ज्यांचा कुठल्याही तारखेशी, गाडीशी किंवा पत्त्याशी संबंध नाही असे सहा आकडे आठवडाभर टाकले की हाताला सवय होते. यूपीआयचा पिन मात्र वेगळाच असावा, कारण दोन्ही एकच असतील तर खांद्यावरून एकदा पाहणाऱ्याला फोन आणि खाते दोन्ही उघडतात.

मूळ कुलूप म्हणून माझे मत सहा आकडी पिनच्या बाजूने आहे. पॅटर्नची शिफारस मी एकाच परिस्थितीत करतो: वयस्क व्यक्तीला आकडे टिकत नसतील, फोन बहुतांशी घरात राहत असेल आणि त्यात बँकेचा व्यवहार नसेल.

आता वरचा थर. चेहऱ्याच्या बाबतीत सर्व फोन एका मापाने मोजता येत नाहीत. आयफोनचा फेस आयडी ३०,००० पेक्षा जास्त अदृश्य अवरक्त ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याची खोली मोजतो, त्यामुळे अंधारातही चालतो आणि छायाचित्राला फसत नाही. मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मात्र समोरचा साधा कॅमेराच चेहरा ओळखतो. अँड्रॉइड अशा ओळखींची तीन श्रेणींत विभागणी करते आणि सर्वांत खालच्या श्रेणीतील ओळखीला फक्त फोन उघडू देते. बँकेच्या ॲपला तिच्यावर विसंबता येत नाही. आपला फोन कोणत्या प्रकारचा आहे हे कळण्याचा सोपा मार्ग असा: बँकेच्या ॲपमध्ये बोट किंवा चेहऱ्याने प्रवेश सुरू करण्याची सोय पाहावी. फोन चेहऱ्याने उघडत असूनही ते ॲप केवळ बोटच मागत असेल, तर तुमची चेहरा-ओळख बहुधा साध्या कॅमेऱ्याची आहे. चेहरा नोंदवताना ‘तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती फोन उघडू शकते’ अशा अर्थाची सूचना अनेक फोन दाखवतात. ती वाचूनच पुढे जावे.

नागपूरच्या उन्हाळ्यात चेहऱ्याची उपयुक्तता आणखी कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीवरून जाणारी व्यक्ती डोळे सोडून संपूर्ण चेहरा स्कार्फने किंवा दुपट्ट्याने बांधून घेते, वर गॉगल असतो आणि त्यावर हेल्मेट. साध्या कॅमेऱ्याला त्यातून ओळखण्यासारखे काही उरत नाही. बर्डीच्या सिग्नलवरून बाजूला थांबून फोन उघडायचा म्हटले तरी स्कार्फ सोडावा लागतो किंवा पिन टाकावा लागतो, आणि गर्दीत वारंवार पिन टाकणे हेच टाळण्यासाठी तर वरचा थर असतो.

बोटाचे अडथळे वेगळ्या स्वरूपाचे आहेत. फोनच्या कडेला किंवा मागे असलेला सेन्सर त्वचेच्या उंच रेषा आणि त्यांमधील खोलगट जागा यांच्या विद्युत भारातील फरक टिपतो. बोट ओले असले की पाणी त्या खोलगट जागा भरून टाकते आणि फरक पुसला जातो. बोट फार कोरडे असले की संपर्कच नीट होत नाही. काचेखालचा प्रकाशावर चालणारा सेन्सर बोटावर उजेड टाकून त्याचे चित्र घेतो, म्हणून काचेवरचा ओरखडा किंवा जाड टेम्पर्ड ग्लास त्याला आड येतो. ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर ओल्या बोटाला बराच सोसतो, पण काच आणि ग्लास यांच्यात हवेची पोकळी राहिली की तोही अडतो. त्यामुळे ग्लास बदलला की जुने ठसे काढून नव्याने नोंदवावेत, आणि नंतर घरातल्या दुसऱ्या कोणाला, ज्याचा ठसा नोंदवलेला नाही त्याला, बोट ठेवायला सांगावे. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० फोनवर काही सिलिकॉन आवरणे लावल्यावर न नोंदवलेले बोटही चालत असल्याचे उघड झाले होते आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

आमच्या वस्तीत खानावळ चालवणाऱ्या काकूंच्या फोनचे उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाइके यूपीआयने पैसे देतात, म्हणून फोन दिवसभर काउंटरवर असतो आणि पैसे आले का हे पाहण्यासाठी तो सारखा उघडावा लागतो. उजवा हात कणकेचा, तेलाचा किंवा ओला असतो. त्यांचा उजव्या अंगठ्याचा ठसा दुपारी जवळजवळ कधीच लागत नसे, म्हणून त्या पाच ठिपक्यांचा पॅटर्न काढत, तोही काउंटरसमोर डबा घ्यायला उभ्या असलेल्या मुलांच्या देखत. त्यांच्या मुलाने चेहऱ्याचा पर्याय सुचवला होता. पण त्यांचा फोन साध्या कॅमेऱ्याचा, स्वयंपाकघरातला उजेड कमी, आणि तो पर्याय बँकेच्या ॲपमध्ये चालणारही नव्हता.

त्यांनी शेवटी जी मांडणी केली ती अशी. पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवला. कामात कमी भरणाऱ्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नोंदवली. डावा अंगठा दोन वेळा नोंदवला, एकदा सकाळी कोरडा असताना आणि एकदा हात धुऊन नुसता पुसल्यावर, कारण फोन या दोन्ही नोंदी वेगळे ठसे म्हणून जपतो आणि त्वचेच्या बदलत्या स्थितीला त्यामुळे वाव मिळतो. सेन्सर कडेला असल्याने पिठाचा थर त्यावर बसत होता. तो कोरड्या सुती फडक्याने रोज एकदा पुसण्याची सवय लावली. कुलूपबंद पडद्यावर येणाऱ्या संदेशांचा मजकूर लपवला, कारण कुलूप न उघडताही तिथे ओटीपी वाचता येत होता. आता पिन सहसा सकाळी, दुकानात कोणी नसताना, एखाद्या वेळी टाकावा लागतो.

ज्यांचे काम कार्यालयात आहे, हात कोरडे राहतात आणि फोन खिशात असतो, त्यांना ही सगळी खटपट नको. दोन्ही हातांचा एकेक अंगठा आणि सहा आकडी पिन पुरेसा आहे. बांधकामावर, विटांच्या किंवा सिमेंटच्या कामावर असणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, त्यांना अंगठ्याऐवजी करंगळी किंवा अनामिका अधिक साथ देते. तीही लागत नसेल तर केवळ पिन ठेवावा.

झोपेत बोट कोणीही सेन्सरवर टेकवू शकते, ही ठशाची एक मर्यादा रात्रीच्या प्रवासात लक्षात ठेवावी लागते. नागपूर–पुणे गाडीत आडवे होण्यापूर्वी पॉवर बटणाच्या यादीतला ‘लॉकडाउन’ पर्याय दाबला की पुढच्या वेळी फोन फक्त पिननेच उघडतो. काही फोनमध्ये हा पर्याय आधी सेटिंगमधून दाखवायला लावावा लागतो. तो सापडत नसेल तर फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यानेही तेच साधते.

पिन बदलल्यावर त्याच दिवशी, घरी निवांत असताना, फोन एकदा बंद करून सुरू करावा आणि नवा पिन टाकून पाहावा. ठशाच्या सवयीने पिन विसरला जातो, आणि तो खरोखर विसरला तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करण्यावाचून सहसा मार्ग उरत नाही. त्यानंतरही फोन त्यावरच्या जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणून बदल करण्याआधी छायाचित्रांची आणि संपर्कांची प्रत दुसरीकडे घेतलेली असावी आणि गूगल खात्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहिलेला असावा.