साडेसातशेच्या खोक्यात ३३६ वॅट

एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेताना माझ्यासारखे पैसे आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. गेल्या दिवाळीत बोनस मिळाला आणि धाकट्या भावाला गेमिंग पीसी करून द्यायचं ठरवलं. प्रोसेसर रायझन ७ ५८०० एक्स आणि ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०७०, हे भावानंच महिनाभर माहिती काढून ठरवलेलं. कार्डाची कंपनी किमान ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तेवढं आम्हाला माहीत होतं. शाहूपुरीतल्या एका दुकानातून सगळं एकत्र घेतलं. दुकानदार म्हणाला, "६५० कशाला, त्याच पैशात ७५० देतो की. पुढं कार्ड बदललं तरी चालंल." खोक्यावर मोठ्या अक्षरात ७५० होतं, बाजूला '८५ प्लस एफिशियन्सी' असा सोनेरी शिक्का. ३,२०० रुपये दिले आणि घरी आलो.

पीसी सुरू झाला, विंडोज पडलं, दोन दिवस काहीच अडचण नाही. तिसऱ्या दिवशी भावानं जड गेम लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत पीसी फटकन बंद. निळा स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. कुणीतरी वायर ओढावी तसा बंद. परत चालू केला की काही झालंच नाही असा चालायचा. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या Event Viewer मध्ये प्रत्येक वेळी `Kernel-Power`, `Event ID 41` एवढीच नोंद. तिचा अर्थ फक्त इतकाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "घरातलं व्होल्टेज कमी-जास्त होत असंल. यूपीएस घ्या." त्याच्याकडूनच ६०० व्हीएचा यूपीएस आणला. आता गेम सुरू केल्यावर यूपीएसच ओव्हरलोडचा आवाज काढायला लागला.

त्या रविवारी मामा आला होता. त्याचं शिवाजी उद्यमनगरात मोटार वाइंडिंगचं काम आहे, कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही. त्यानं कॅबिनेटची बाजू काढायला लावली आणि एसएमपीएसवरचं लेबल बॅटरी मारून वाचलं.

"प्रोसेसर आन् कार्ड कुठल्या व्होल्टवर चालतंय?"

"बारा."

"बाराच्या खाली २८ अँपिअर लिवलंय. बारा गुणिले अठ्ठावीस किती?"

"३३६."

"मग साडेसातशे कुठनं आलं रं?"

मी वही काढली आणि लेबलवरच्या सगळ्या लाइनी मांडल्या. ३.३ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ९९ वॅट. ५ व्होल्टला ३२ म्हणजे १६०. बाराचे ३३६, आणि दोन किरकोळ लाइनींचे मिळून २० धरले. एकूण झाले ६१५. म्हणजे सगळं एकदम पूर्ण ताकदीनं चाललं असं धरलं, जे कधीच होत नाही, तरी ७५० होत नव्हते. आणि ३.३ व ५ व्होल्टचा आजच्या गेमिंग पीसीला फारसा उपयोगच नाही. जुन्या काळातल्या मशीनना तो लागायचा. आता खरा भार जवळजवळ सगळा बाराच्या लाइनीवर असतो, म्हणून वॅटचा आकडा वाचायचा तो तिथला. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर बाराच्या खाली ५४ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं; ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८. नावाचा आकडा आणि बाराचा आकडा जवळजवळ सारखे यायला पाहिजेत.

मग आमच्या मशीनला लागतं किती? ५८०० एक्सवर '१०५ वॅट' लिहिलेलं असतं, पण तो उष्णतेच्या हिशेबाचा आकडा आहे. कंपनीच्याच मर्यादेप्रमाणे तो सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेतो, म्हणून धरायचे १४२. कार्डाचे २२०. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून मोकळ्या हातानं ५०. बेरीज ४१२. गेम खेळताना प्रोसेसर पूर्ण ताकद क्वचितच वापरतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं तरी निभायचं. पण ग्राफिक कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या २२० च्या बरंच वर उसळी मारतं. ती झेपली नाही की एसएमपीएसचं संरक्षण सगळं बंद करतं.

हेडरूम, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीची ताकद, ठेवायची ती या उसळ्यांसाठी. ४१२ ची दीडपट सुमारे ६२०, म्हणून खरा ६५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा. हजारचा घेऊन आमचं काही भलं झालं नसतं, नुसते पैसे जास्त गेले असते.

एफिशियन्सीबद्दलही दुकानदारानं चुकीचं सांगितलं होतं. "८५ टक्के धरले तरी ७५० चे ६३७ मिळतातच," हे त्याचं वाक्य. एसएमपीएसचा वॅट म्हणजे तो आत किती देऊ शकतो तो आकडा; एफिशियन्सीनं तो कमी होत नाही. फरक पडतो भिंतीवर. आत ४१२ लागले आणि एफिशियन्सी ८५ टक्के असली, तर प्लगमधून ४१२ भागिले ०.८५ म्हणजे सुमारे ४८५ वॅट ओढले जातात. आमच्या यूपीएसवर ६०० व्हीएच्या शेजारी बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं होतं. तो ओरडणारच. ते पैसेही गेले.

दुकानात जाण्याआधी खात्री करून घेतली. नुसता प्रोसेसरवर भार दिला, चालला. नुसता कार्डावर दिला, चालला. दोन्ही एकदम दिले, मिनिटभरात बंद. मशीनमधली मोजमापं दाखवणाऱ्या HWiNFO या प्रोग्राममध्ये तेव्हा बाराची लाइन ११.२ पर्यंत उतरलेली दिसली, ११.४ च्या खाली ती जायला नको. मदरबोर्डचं हे मोजमाप अगदी काटेकोर नसतं, पण भाराबरोबर ते घसरत होतं. मग कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली, म्हणजे १५४ वॅट. दोन तास गेम चालला. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही ठणठणीत होते.

एक खूण मला पहिल्याच दिवशी दिसली होती आणि मी दुर्लक्ष केलं, याचं वाईट वाटतं. आमच्या कार्डाला आठ पिनचे दोन कनेक्टर लागतात, आणि त्या '७५०' ला तसली वायर एकच होती. दुसरी जागा दुकानातल्या पोरानं जुन्या चार पिनच्या मोलेक्सला ॲडॉप्टर लावून भरली. आठ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॅटपर्यंत जाऊ शकतात. ते मोलेक्सच्या बारीक वायरीवर टाकायचे म्हणजे प्लॅस्टिक वितळायला निमंत्रण.

दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत. बिलावर नुसतं 'एसएमपीएस ७५०' होतं, मॉडेल नंबर नाही. वॉरंटीत तोच माल बदलून देतो म्हणाला. सोनेरी शिक्क्याबद्दल विचारलं तर गप्प. खरं सर्टिफिकेट '८० प्लस' नावाचं असतं, पुढं ब्राँझ, गोल्ड असा दर्जा, आणि मॉडेल नंबर त्यांच्या यादीत सापडतो. '८५ प्लस' असं सर्टिफिकेटच नाही.

शेवटी दुसरीकडून ६५० वॅटचा ब्राँझ घेतला. पैसे देण्याआधी खोक्यातून काढून लेबल वाचलं, वायरी मोजल्या, बिलावर मॉडेल नंबर लिहून घेतला. आता दोन्हीवर पूर्ण भार दिला तरी बाराची लाइन ११.९ च्या खाली येत नाही. जुना एसएमपीएस विकत घ्यायला एकजण तयार होता. मी त्याच्या वायरी कापल्या आणि भंगारात दिला.