मोफत फवारणी-तक्ता देऊन ईमेल यादी वाढवणे : एक द्राक्ष हंगाम वापरल्यानंतर

तासगाव-पलूस पट्ट्यातल्या बागायतदारांसाठीच्या ब्लॉगवर ही पद्धत गोड्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत चालवली. पद्धत चालते, पण फुकट द्यायची वस्तू ज्या लेखात ठेवली त्याच्याच गरजेतून आलेली असेल तरच. ‘द्राक्षशेती संपूर्ण मार्गदर्शक’ अशी चाळीस पानी फाइल ठेवली की लोक पत्ता देतात, पण फाइल चाळत नाहीत. महिन्याभराने पत्र गेलं की हे कोण, म्हणून थेट स्पॅममध्ये टाकतात.

त्याऐवजी एक पानी तक्ता ठेवला. ए-4 आडवा कागद, तीस रिकाम्या ओळी आणि सहा रकाने: तारीख, छाटणीनंतरचा दिवस, वेलीची अवस्था, औषध, प्रमाण आणि काढणीपूर्व अवधी. निर्यातीच्या मालाला फवारणीची नोंद लागतेच, त्यामुळे हा कागद पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकतो आणि हंगामभर हाताखाली राहतो. रकान्यांना रंग देऊ नका. गावातल्या झेरॉक्सवर प्रिंट काळीपांढरी निघते आणि फिकट हिरवा रकाना राखाडी होऊन त्यावरचं पेनाचं अक्षर दिसत नाही. अक्षर युनिकोड ठेवा आणि पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्ये बसवा, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर जोडाक्षरं तुटतात.

आता फॉर्मची जागा. उजवीकडच्या पट्टीतला फॉर्म मोबाइलवर घसरून पार तळाशी जातो, तिथे तो असून नसल्यासारखा. पान उघडताच अंगावर येणारी खिडकी तर नकोच: वाचकाने अजून एक ओळही वाचलेली नसते. शिवाय मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्या असलेली पानं गूगल 2017 पासून शोधात खाली ढकलू शकतं. खरी जागा लेखाच्या आत आहे. डावणीवरच्या लेखात ‘कोणतं औषध कितव्या दिवशी मारलं, हे लिहून ठेवा’ हे वाक्य जिथे येतं, त्याच्या लगेच खाली फॉर्म हवा. दुसरा लेखाच्या शेवटी. बटणावर ‘सबस्क्राइब करा’ नको, ‘तक्ता पाठवा’ लिहा.

रकाना एकच, ईमेलचा. नाव आणि गाव मागितलं की माणूस मध्येच सोडून जातो. इथे एक अडचण हमखास येते. बऱ्याच जणांचा जीमेल मुलाने किंवा मोबाइल दुकानदाराने उघडून दिलेला असतो, पत्ता तोंडपाठ नसतो, आणि कीबोर्ड मराठीवर असतो. फॉर्ममध्ये पुढची ओळ असेल तर बऱ्याच फोनवर @ असलेला ईमेलचा कीबोर्ड येतो आणि फोन बहुतेक वेळा साठवलेला पत्ता स्वतःच सुचवतो:

```
<input type="email" name="email" autocomplete="email" required>
```

तरीही gmail.con, gmial.com येतच राहतात. म्हणून तक्त्याची लिंक आभाराच्या पानावर देऊ नका, आधी पडताळणीचं पत्र पाठवा. त्यातली लिंक दाबली की मगच तक्ता. पत्ता चुकीचा असला तर तो यादीत येतच नाही. आभाराच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘इनबॉक्समध्ये दिसलं नाही तर प्रमोशन्स आणि स्पॅम बघा.’ समजा 400 भेटींत 12 फॉर्म भरले गेले आणि 5 जणांनीच पडताळणी केली, तर फॉर्मची जागा बदलत बसू नका. आजार पत्रात आहे.

बहुतेकदा तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यात निघतो. ईमेल सेवेतून पत्र पाठवताना ‘कडून’मध्ये @gmail.com टाकलं की पत्र स्पॅममध्ये जाण्याचा धोका मोठा असतो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या आणि त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये सेवेने दिलेल्या, पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे दाखवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी टाका. सोबत `_dmarc` या नावाने डीमार्कची ही टीएक्सटी नोंद ठेवा:

```
v=DMARC1; p=none
```

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक आहे. लहान यादीलाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या वर पत्रं जात असतील तर डीमार्क धरून तिन्ही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पहिल्या पत्रातल्या एका प्रश्नाचा: छाटणी कोणत्या महिन्यात? सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा तीन लिंका, जी दाबली त्या महिन्याची खूण नावापुढे. नोव्हेंबरात छाटणाऱ्याला घडकुजीचं पत्र ऑक्टोबरात गेलं तर तो पुढचं उघडणार नाही. एवढं वर्गीकरण हाताने करायला वेळ जातो, पण ते टाळू नये असं आमचं ठाम मत आहे.

उघडण्याच्या टक्क्यांवर विसंबू नका. ॲपलच्या मेल ॲपने 2021 पासून पत्रातली चित्रं आधीच उतरवून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. लिंक दाबली का, तेवढंच मोजा.

एक मर्यादा मात्र आहेच. माल उतरला की यादी थंड पडते. एप्रिलच्या खरड छाटणीला वेगळा तक्ता देऊन ती जागी करावी लागते. त्या पत्रातली आणि मेमधल्या पत्रातली, एकही लिंक ज्यांनी दाबली नाही त्यांना ‘पत्रं चालू ठेवायची का?’ असं एकदा विचारा. उत्तर नाही आलं तर सप्टेंबरच्या आधी ती नावं काढून टाका.