तीन बर्नरची काचेची शेगडी: चौदा महिन्यांनंतर

शेगडीबद्दल तक्रार अशी नाही. काच शाबूत आहे, बटणं घट्ट फिरतात. पण डावा मोठा बर्नर दहाव्या महिन्यापासून रुसला. आधी दूध दोनदा उतू गेलं होतं, मग संक्रांतीच्या गुळाचा पाक. ज्योत एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला नाहीच आणि कुकरला शिट्टी व्हायला दुप्पट वेळ.

पहिल्यांदा मी फक्त टोपी धुतली. तीही सहज निघाली नाही, पाक वितळून कडेला डिंकासारखा बसला होता. रेग्युलेटर बंद करून तो सिलिंडरवरून काढलाच, बर्नर पूर्ण गार होऊ दिला आणि कडेवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं ठेवलं. मग टोपी डावी-उजवी हलवत वर उचलली. पक्कड किंवा हातोडी लावायची नाही. पितळेची कड वाकली की टोपी सपाट बसत नाही आणि फटीतून ज्योत बाहेर येते.

टोपीची भोकं मोकळी झाली तरी ज्योत तशीच. कारण खाली होतं. उतू गेलेलं दूध बर्नरखालच्या नळीतून उतरून जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडावर जातं आणि तिथे भाजून काळं होतं. मग रबरी नळी सोडवली, शेगडी जाड चादरीवर उलटी ठेवली, बर्नरखालची नळी धरणारा स्क्रू काढला. समोर पितळी जेट, मधलं भोक जेमतेम सुईच्या अग्राएवढं. दुसऱ्या हाताने बटणामागचा गॅसचा कॉक घट्ट धरून पान्याने जेट सैल केला, नाहीतर कॉकच फिरतो.

इथे माझी जुनी चूक सांगते. आधीच्या शेगडीच्या जेटमध्ये मी गोधडीची सुई खुपसली होती. भोक मोठं झालं, ज्योत पिवळी लांब, भांड्यांची बुडं काळी. शेवटी जेटच बदलावा लागला. या वेळी जेट साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला आणि उजेडाकडे धरून पाहिला. भोक गोल दिसलं तेव्हा थांबले. मोठ्या आणि छोट्या बर्नरचे जेट वेगळे असतात, म्हणून मी एका वेळी एकच काढला.

टोपी आणि जेट अर्धा दिवस वाळवले. ओल राहिली की ज्योत फडफडते. जोडल्यावर बटणं बंद ठेवून रेग्युलेटर सुरू केला आणि रबरी नळीच्या तोंडावर, कॉकवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. वास आला असता तर पुन्हा बंद करून मेकॅनिकलाच बोलावलं असतं. आता ज्योत चहूबाजूंनी सारखी आहे.

एक तारा कमी करते तो मात्र त्या नळीच्या स्क्रूमुळे. त्याचं डोकं इतकं मऊ आहे की दुसऱ्यांदा काढतानाच खाच झिजली.