कूलंट कमी की इंजिन गरम?

कूलंट-पातळीचा दिवा टाकीतल्या सेन्सरवर लागतो, इंजिन थंड असलं तरी. पातळी ‘मिन’ खुणेखाली असेल तर कूलंट भरा, गळती शोधा. तापमानाचा लाल दिवा मात्र गाडी लगेच थांबवायला लावतो. तेव्हा गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही, पोळतं.

इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत वहिनींच्या गाडीचा लाल दिवा लागला. गाडी थंड झाल्यावर पाहिलं, कूलंट पुरेसं होतं. त्या म्हणाल्या, बायपासवर तापमानाचा काटा नेहमी खाली असतो, गर्दीतच चढतो. इथेच फॅनचा संशय आला: वेगात वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचंच. एसी लावूनही फॅन फिरेना. फ्यूज शाबूत होता. फॅनला वीज जोडणारा रिले बदलताच फॅन फिरला.