कबड्डी मंडळ: धर्मादाय नोंदणी पुरे, की जिल्हा संघटनेची संलग्नताही हवी?

गावोगावच्या कबड्डी मंडळांत एक घोळ हमखास असतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की आपण 'अधिकृत' झालो, असं कार्यकर्त्यांना वाटतं. त्या नोंदणीमुळे संस्था कायदेशीर होते, तिच्या नावावर बँकेत खातं उघडतं आणि देणगीची पावती फाडता येते. संघ मैदानात कुठवर जाणार, हे मात्र त्या कागदावर ठरत नाही. ते ठरतं जिल्हा संघटनेच्या संलग्नतेवर. जिल्हा संघटना राज्य संघटनेशी जोडलेली असते आणि राज्य संघटना भारतीय हौशी कबड्डी महासंघाशी.

शिवजयंतीच्या किंवा जत्रेतल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा एवढंच तुमचं क्षेत्र असेल, तर नुसत्या नोंदणीवर बऱ्याच ठिकाणी भागतं. खेळाडू कुठूनही आणता येतात, वर्गणीचा आणि कागदपत्रांचा व्याप नसतो. हे काही कमी सुख नाही.

अडचण पुढे येते. समजा, तुमच्याकडे अठरा वर्षांचा तरबेज चढाईपटू आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत मंडळं नव्हे, जिल्ह्यांचे संघ उतरतात. जिल्ह्याचे खेळाडू निवडले जातात ते जिल्हा अजिंक्यपद आणि निवड चाचणीतून, आणि तिथे प्रवेश संलग्न मंडळांनाच. म्हणजे पोरगा कितीही भारी असला तरी निवड समितीपुढे तो येणारच नाही. उद्या त्याने पोलीस भरतीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून अर्ज केला, तर क्रीडा उपसंचालक कार्यालय आधी पाहतं ते प्रमाणपत्र कुठल्या संघटनेच्या, कुठल्या पातळीच्या स्पर्धेचं आहे ते. तिथे जत्रेतल्या ढालींचा ढीग कामाचा नाही.

संलग्नतेचा जाचही आहे. वर्गणी आणि खेळाडूंची नोंदणी वेळेत करावी लागते. नोंदवलेला खेळाडू मनाला येईल तेव्हा दुसऱ्या मंडळाकडून उतरू शकत नाही, त्याला ना हरकत पत्र लागतं. विनापरवानगी स्पर्धेत खेळलात तर कारवाई होऊ शकते. उसन्या खेळाडूंवर चालणाऱ्या संघाला हे झेपत नाही.

माझं मत विचाराल तर कुमार गटाची चार पोरं जरी नियमित सरावाला येत असतील, तरी संलग्नता घ्या. फक्त प्रौढांचा हौशी संघ असेल, तर घाई नको.

पैसे भरण्याआधी मात्र ती जिल्हा संघटना स्वतः राज्य संघटनेच्या यादीत आहे का, हे राज्य संघटनेकडूनच विचारून घ्या. काही ठिकाणी एकाच जिल्ह्यात दोन गट 'खरी संघटना आम्हीच' म्हणून भांडतात. वरची कडी निसटली की खालच्यांचे काय हाल होतात, हे भारतीय महासंघाच्या वादात दिसलंच. 2018 पासून तिथे न्यायालयाने नेमलेला प्रशासक होता. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता अडकल्याने इराणमधल्या आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेसाठी खेळाडूंना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे कारभार द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे भारताच्या मुलींचा संघ तेहरानला गेला, आणि जिंकूनही आला.