जुनी लग्नाची कॅसेट: '4:3' की 'Zoom'?

चतुर्थीला मालवणच्या घरी सगळे जमले, की १९९४ च्या लग्नाची कॅसेट लागतेच. आता ती पेनड्राइव्हवर आहे. यंदा मामी म्हणाली, "गो, माझा तोंड भोपळ्यासारखा कित्याक दिसता?" टीव्हीचं चित्राच्या आकाराचं सेटिंग '16:9' वर होतं. चौकोनी चित्र त्यात रुंदीला एक तृतीयांशाने ताणलं जातं.

'4:3' केलं आणि मामी पूर्ववत झाली. आमच्या ४३ इंची पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा सेंटीमीटर काळी पट्टी राहते. काकांना ती खुपते, म्हणून त्यांनी 'Zoom' लावलं. त्यातही चेहरे ताणत नाहीत, पण वरून आणि खालून चित्राचा आठवा-आठवा भाग कापला जातो. अंतरपाटाच्या वेळी नवऱ्याचा फेटाच गायब! खालची तारीखही गेली. घरच्या कॅसेटला मी तरी '4:3' च लावीन.

'Zoom' खरं कामाचं ते चारी बाजूंनी काळी चौकट असलेल्या जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. तिथे कापली जाते ती नुसती काळी पट्टी. सबटायटल्स मात्र त्या खालच्या पट्टीत असतील तर तीही जातील.

कधी '4:3' वर माणसं उलट काटकुळी दिसतात. म्हणजे कॅसेट उतरवणाऱ्याने बाजूच्या पट्ट्या फाइलमध्येच घातल्यात. मग '16:9' च ठेवायचं. चेहऱ्यावरून कळलं नाही तर ओवाळणीचं ताट बघा. कॅमेऱ्याने ते बरोबर वरून टिपलेलं असेल, तर ते गोलच दिसायला हवं.